रिकाम्या काट्यावरचे वजन

रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मार्केट यार्डातील भुसार आडतीचे दुकान बंद करून गृहस्थ घरी येतात, हातपाय धुतात आणि ताटावर बसतात. पत्नीचा चौविहार सूर्यास्तापूर्वीच झालेला असतो. ती वाढते, पोळी गरम आहे की नाही ते पाहते, तूप लावते. वरकरणी काहीच बिघडलेले नसते. परंतु भाजीची वाटी ठेवताना तिची नजर क्षणभर ताटावर आणि मग भिंतीवरील घड्याळाकडे जाते, आणि ओठाचा एक कोपरा किंचित वर उचलला जातो. शब्द एकही उच्चारला जात नाही. तरीही गृहस्थांना जे समजायचे ते समजते, आणि ते मोबाइल काढून उद्याच्या तुरीचे भाव पाहू लागतात.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. अनेक घरांत तुटक तुटक दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते येथे मांडले आहे. त्यातील प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो विचारण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. संसाराची पंचवीस वर्षे झाल्यावर एखाद्या स्त्रीला किंवा पुरुषाला वाटू लागते, ‘मी पुढे आले, हे मागेच राहिले.’ या वाटण्यात सत्य किती आणि अहंकार किती, हे कसे ओळखावे?

या घरातील पत्नीची वाढ खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. बाविसाव्या वर्षी ती वाणिज्य शाखेची पदवी घेऊन या घरात आली. पुढील एकोणीस वर्षे मुलांची शिक्षणे, सासूबाईंचे आजारपण, सणवार आणि पाहुणे यांत गेली. धाकटी मुलगी सी. ए. करण्यासाठी पुण्याला गेली तेव्हा तिने एक्केचाळिसाव्या वर्षी पुस्तक हाती घेतले. प्रथम पाठशाळेच्या परीक्षा, मग प्राकृतचा वर्ग, मग दूरशिक्षणाने जैनविद्येत एम. ए. मध्ये एक वर्षीतपही झाले. पूर्वी चारचौघींत बोलताना अडखळणारी ही स्त्री आता महिला मंडळात तासभर कर्मसिद्धांत समजावून सांगते. आठ वर्षांत तिचे वाचन बदलले, शब्द बदलले, दिवसाची आखणी बदलली. पतीचा दिवस मात्र तोच राहिला. सकाळी लिलाव, दुपारी उधारीची वसुली, संध्याकाळी हिशेब. तिने एकदा उत्साहाने लेश्यांविषयी सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मान हलवत मध्येच विचारले, ‘‘अगं, त्या गाळ्याच्या भाड्याची पावती कुठे ठेवलीस?’’

अशा प्रसंगी येणारा एकाकीपणा खरा असतो. ज्याच्याशी बोलावेसे वाटते त्यालाच आपली भाषा कळू नये, याचे दुःख लहान नाही. त्या दुःखाला ‘तुझा अहंकार’ म्हणून गप्प करणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्या दुःखाच्या शेजारीच दुसरी एक गोष्ट हळूहळू येऊन बसते. ती इतकी सारखी दिसते की दोन्हींतला फरक सहसा लक्षात येत नाही. तिचे नाव तुच्छभाव.

पतिपत्नींच्या संवादाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनी हा फरक बारकाईने पाहिला आहे. अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९८०च्या दशकापासून दांपत्यांना समोरासमोर बसवून त्यांच्या मतभेदाच्या विषयावर बोलायला लावले, त्यांचे चित्रण केले आणि त्या वेळी हृदयाचे ठोकेही मोजले. संसार पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन यांनी नोंदविल्या: स्वभावावर ठेवलेला दोष, स्वतःचाच बचाव, अबोल्याची भिंत आणि तुच्छता. या चारांत तुच्छता सर्वांत घातक, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कोणते दांपत्य विभक्त होईल हे आधी किती अचूक सांगता येते, याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. परंतु भांडणाऱ्या जोडप्यापेक्षा एकमेकांना तुच्छ लेखणारे जोडपे अधिक धोक्यात असते, हे निरीक्षण कोणत्याही अनुभवी माणसाला पटेल.

याचे कारण भाषेतच सापडते. गाऱ्हाणे एखाद्या घटनेविषयी असते. ‘काल मी बोलत होते आणि तुम्ही मोबाइल पाहत होता’ हे गाऱ्हाणे आहे. त्याला उत्तर देता येते, क्षमा मागता येते, उद्या वेगळे वागता येते. तुच्छभाव मात्र माणसाविषयी निकाल देतो. ‘यांना भावापलीकडे काही कळायचे नाही’ या वाक्याला उत्तर नाही, कारण ते कालच्या किंवा आजच्या घटनेवर उभेच नाही. ते वरच्या पायरीवरून बोललेले वाक्य आहे. राग समोरच्याला बरोबरीचा मानतो, म्हणून त्याच्याशी भांडतो. तुच्छभाव मात्र समोरचा भांडण्याच्याही योग्यतेचा नाही असे ठरवून केवळ ओठाचा कोपरा उचलतो.

जैन परंपरेला ही गोष्ट नवी नाही. चार कषायांत क्रोधानंतर लगेच मान येतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात मानाचे आठ आधार सांगितले आहेत: ज्ञान, पूजा, कुल, जाति, बल, ऋद्धि, तप आणि देह. या यादीत धन आणि बल असणे कोणालाही स्वाभाविक वाटेल. विचार करायला लावतात ते ज्ञान आणि तप. ज्या दोन गोष्टींनी माणूस खरोखर वाढतो, त्यांनाच आचार्यांनी मदाच्या आधारांतही स्थान दिले आहे. ज्ञान आणि तप खोटे असतात असा त्यांचा आशय नाही. खऱ्या ज्ञानावर आणि खऱ्या तपावरही मान उभा राहू शकतो, हे त्यांना सांगायचे आहे.

बाहुबलींच्या श्वेतांबर कथेत हेच दिसते. वर्षभर ते ध्यानात उभे होते. अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान झाले नाही. त्यांच्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, ही एक अढी मनात होती. मग भगिनी ब्राह्मी आणि सुंदरी आल्या आणि त्यांनी हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले. अरण्यात उभ्या असलेल्या मुनीजवळ हत्ती कोठला, असा विचार करताना बाहुबलींना तो हत्ती दिसला आणि वंदनासाठी पाऊल उचलताच केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेतील आदिपुराणात प्रसंगाची मांडणी वेगळी आहे. परंतु या कथेतील एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. बाहुबलींचे तप कोणीही नाकारले नाही. भगिनींनी त्यांना तप सोडायला सांगितले नाही, फक्त हत्ती सोडायला सांगितले.

म्हणून ‘वाढ की मान’ असा प्रश्न विचारणे पुरेसे नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतात. प्रश्न दोन्ही वेगळे मोजायचे कसे, हा आहे.

आपल्या कथेतील पत्नीला ते मोजण्याचे साधन ग्रंथात मिळाले नाही. ते दुकानात मिळाले. फेब्रुवारीत तुरीची आवक ऐन भरात होती आणि मुनीमजी मुलीच्या लग्नासाठी गावी गेले होते. पतीने संकोचत विचारले, ‘‘दोन-तीन दुपारी येऊन वही लिहिशील का?’’ तिला ते जड गेले, कारण त्याच दिवसांत तिला एका व्याख्यानाची तयारी करायची होती. तरी ती गेली.

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याच्या तुरीचे माप चालू होते. हमाल पोते काट्यावर ठेवीत, मापाडी आकडा पुकारी, ती लिहून घेई. चाळीस पोती झाल्यावर पती सहज काट्याजवळ आले आणि थांबले. काट्यावर काहीच नव्हते, तरी पडद्यावर शून्याऐवजी उणे तीनशे ग्रॅम दिसत होते. त्यांनी माप थांबविले. हमाल कुरकुरले, खरेदीदाराचा माणूस म्हणाला, ‘‘शेठ, एवढ्याने काय होतंय?’’ पतीने हिशेब करून दाखविला. पोत्यामागे तीनशे ग्रॅम, म्हणजे चाळीस पोत्यांत बारा किलो. ती बारा किलो तूर शेतकऱ्याच्या मापातून गेली होती. काटा शून्यावर आणून चाळीसही पोती पुन्हा मोजली. तासभर गेला. शेतकरी त्या वेळी चहाच्या टपरीवर होता. त्याला हे कधी कळलेही नाही.

पत्नीच्या हातात लेखणी होती आणि मनात एक पाठ केलेले सूत्र. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी चौथा हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे. परीक्षेत तिने हे पाचही अतिचार क्रमाने लिहून पूर्ण गुण मिळविले होते. ज्या माणसाला त्यांतल्या एकाचेही नाव सांगता आले नसते, तो तिच्यासमोर त्यांतला एक अतिचार टाळीत होता.

या प्रसंगातून पती थोर आणि पत्नी अज्ञानी, असा निष्कर्ष काढला तर तो तितकाच चुकीचा ठरेल. पती त्या रात्रीही नऊ वाजता जेवले, आणि ती बोलत असताना त्यांनी त्या रात्रीही मोबाइल पाहिला. माप नीट ठेवणारा माणूस ऐकण्यात आळशी असू शकतो. तिला दुकानात मिळाले ते पतीविषयीचे प्रमाणपत्र नव्हते, एक कसोटी होती. काट्यावर काही नसताना तो काय दाखवितो, हे आधी पाहावे.

रिकाम्या काट्यावर उणे तीनशे ग्रॅम असतील, तर त्यावर काहीही ठेवले तरी ते कमीच भरणार. तुच्छभाव नेमका असाच चालतो. पती काही बोलण्यापूर्वीच, काही करण्यापूर्वीच मनाचा काटा उणे दाखवीत असतो. मग त्यांनी फुले आणली तरी ‘कोणीतरी सांगितले असेल’, आणि प्रश्न विचारला तरी ‘बरे वाटावे म्हणून विचारतात’. वाढीमुळे आलेले अंतर याहून वेगळे असते. तेथे काटा शून्यावर असतो. एखादी गोष्ट खरोखर कमी भरते, तेव्हा ती कमी दिसते. जी पूर्ण भरते, ती पूर्ण दिसते.

आपला काटा तपासण्यासाठी तिने पंधरा दिवसांची एक वही घातली. चतुर्दशीच्या पक्खी प्रतिक्रमणापासून पुढच्या पक्खीपर्यंत. दररोज रात्री पतीविषयी दिवसभरात मनात आलेले वाक्य जसेच्या तसे लिहायचे, त्यात सभ्यपणा आणायचा नाही. त्यासमोर, ते वाक्य ज्यावरून आले ती आजची घटना लिहायची. घटना नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. व्यापारी घरातील माणसाला ही रीत परिचित आहे. आज घडले ते रोजमेळात येते, आणि मागील पानावरून आलेली बाकी वेगळी दाखविली जाते. आजचा खर्च आणि जुनी बाकी एकाच ओळीत लिहिणारा मुनीम दुकान बुडवितो.

पंधरा दिवसांत तेवीस वाक्ये झाली. त्यांपैकी चौदांसमोरचा रकाना कोरा होता. ‘यांचे विश्व एवढेसेच’, ‘यांच्याशी काय बोलायचे’, ‘माझी बरोबरी नाही’ अशी ती वाक्ये होती. त्या दिवशी पतीने काहीही केलेले नसताना, कधी कधी तर ते घरात नसताना आलेली. हे रिकाम्या काट्यावरचे वजन होते. उरलेल्या नऊ वाक्यांमागे घटना होती. त्यांतली तीन रात्री उशिरा जेवण्याची आणि सुपारीची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नियमांची होती. सहा वाक्ये मात्र दोनच गोष्टींभोवती फिरत होती. ती बोलत असताना पती मोबाइल पाहत. आणि चारचौघांत, विशेषतः जावयांसमोर, ते हसत म्हणत, ‘‘आमच्या घरी आता साक्षात महासतीजीच आहेत, जपून बोला.’’

येथे वाढ आणि तुच्छभाव प्रथमच वेगळे झाले. चौदा वाक्ये तिची स्वतःची आलोचना करण्यासाठी होती. सहा वाक्ये पतीपुढे मांडण्याजोगी मागणी होती. आठ वर्षे ही दोन्ही एकत्र असल्यामुळे चौदा वाक्यांच्या ओझ्याखाली सहा वाक्यांना कधी तोंडच फुटले नव्हते, आणि नजरेतून जे बाहेर पडत होते ते चौदांचेच होते. मागणी खरी होती, पण ती ज्या स्वरात पोहोचत होती त्या स्वराला उत्तर देणे शक्य नव्हते.

पंधरा दिवसांचीच मुदत का, यालाही अर्थ आहे. श्वेतांबर कर्मग्रंथांत कषायांची तीव्रता त्यांच्या टिकण्यावरून सांगितली आहे. संज्वलन कषाय पक्षभर टिकतो, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण वर्षभर, आणि अनंतानुबंधी आयुष्यभर. दिगंबर ग्रंथांत या मुदती निराळ्या दिल्या आहेत, पण टिकण्यावरून कषायाची जात ओळखण्याची दृष्टी तीच आहे. मानाला चार उपमाही दिल्या आहेत: सहज वाकणारी लता, लाकूड, हाड आणि दगडी खांब. पतीविषयीची एखादी चीड या पक्खीला होती आणि पुढच्या पक्खीला आठवावी लागली, तर तो लवचीक मान आहे. तेच वाक्य संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटल्यावरही जागचे हलले नाही, तर तो हाडापर्यंत किंवा दगडापर्यंत पोहोचला आहे. पत्नीने प्रामाणिकपणे पाहिले, तेव्हा ‘माझी बरोबरी नाही’ हे वाक्य तिला मागील तीन संवत्सरींत तसेच सापडले. दर वर्षी तिने पतीला हात जोडून क्षमा मागितली होती, आणि दर वर्षी ते वाक्य वगळून.

वहीतून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती भांडवलाची. प्राकृतचा वर्ग साठ किलोमीटरवर, दर रविवारी असे. तिच्या स्मरणात त्या रविवारांची नोंद अशी होती: ‘हे एकदाही वर्गात डोकावले नाहीत, गाडीतच झोपून राहिले.’ वाक्य खरे होते. परंतु त्याच घटनेची दुसरी बाजू कोठेच लिहिलेली नव्हती. आठवड्यातून एकदाच मिळणारी सुट्टी खर्च करून दोन वर्षे गाडी कोण चालवीत होते? परीक्षांच्या दिवसांत खुबा मोडलेल्या सासूबाईंजवळ दुकान मुनीमावर टाकून कोण बसले होते? वर्षीतपाच्या वर्षात घराच्या जेवणाच्या वेळा कोणी बिनबोभाट बदलल्या? वाढीचा नफा तिच्या खात्यात जमा झाला, तो योग्यच, कारण श्रम तिचे होते. परंतु त्या नफ्यामागील भांडवल कोणाच्याच नावे जमा दाखविले नव्हते. कोणताही व्यापारी अशा ताळेबंदावर सही करणार नाही.

अर्थात ही नोंद जमेच्या बाजूला आली म्हणून मागणी रद्द होत नाही. कर्ज मान्य करणे वेगळे आणि आपली येणी सोडून देणे वेगळे. ‘त्यांनी इतके केले, आता मी काय बोलू’ असे म्हणून गप्प बसणारी स्त्री काही महिन्यांत पुन्हा त्याच ओठाच्या कोपऱ्यावर येऊन पोहोचते. म्हणून पुढची पायरी बोलण्याची होती.

ती एका रविवारी दुपारी बोलली, जेवणाच्या ताटावर नव्हे. प्रथम तिने स्वतःची बाजू सांगितली: ‘‘अहो, मी तुम्हांला मनातून कमी लेखत आले. तुम्ही काही केले नसतानाही. ते माझे चुकले.’’ मग दोन मागण्या, दोनच. माझ्या अभ्यासाची चारचौघांत थट्टा करू नका. आणि जेवणानंतर वीस मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून माझ्याशी बोला, विषय तुमचा असो वा माझा. आठ तक्रारी एकदम मांडल्या असत्या तर त्यांतली एकही ऐकली गेली नसती, हे तिला वहीने शिकविले होते.

पती बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तू वर्गात बोलतेस तेव्हा लोक माझ्याकडे बघतात. यांना काय येतं, असं त्यांच्या मनात असतं. म्हणून मीच आधी हसून घेतो.’’ महासतीजींची थट्टा उद्धटपणातून नव्हे, धाकातून आली होती. पत्नीचा मान वरून खाली पाहत होता आणि पतीचा मान खालून वार करीत होता. त्यांनीही एक मागणी केली: ‘‘मी जेवत असताना घड्याळाकडे बघू नकोस. रात्रीभोजनाचं मला कळतं. लिलाव उशिरा उरकतो, आणि काही माझा आळसही आहे. पण तुझी ती नजर पोटात जात नाही.’’

पुढे काय झाले, तर फार मोठे काही झाले नाही. थट्टा थांबली. वीस मिनिटांचा नियम आठवड्यातून चार-पाच दिवस पाळला जातो. बाजार बंद असतो त्या दिवशी पती सूर्यास्तापूर्वी जेवू लागले आहेत, इतर दिवशी नाही. प्राकृतची गाथा त्यांना आजही समजत नाही आणि समजून घ्यावी असेही वाटत नाही. ती भूक भागविण्यासाठी तिने तीन मैत्रिणींसह दर बुधवारी स्वाध्याय सुरू केला. एकाच माणसाने पती, सोबती, सहाध्यायी आणि श्रोता असे सर्व काही असावे, ही अपेक्षा तिने सोडली. अंतर उरलेच. परंतु आता ते मोजलेले अंतर आहे आणि मोजणारा काटा शून्यावर आहे. खरी वाढ झाल्याची एक खूणही तिला मिळाली. पतीच्या दिवसाविषयी तिला पुन्हा कुतूहल वाटू लागले. तुच्छभावाला प्रश्न पडत नाहीत, कारण त्याला सर्व काही आधीच ठाऊक असते.

हाच काटा पुरुषांनाही लागू आहे. तालुक्याच्या दुकानापासून निर्यातीपर्यंत पोहोचलेला, परदेशी ग्राहकांशी इंग्रजीत बोलणारा व्यापारी जेव्हा ‘हिला काय कळतंय’ म्हणतो, तेव्हा त्यानेही ते वाक्य कोणत्या आजच्या घटनेवर उभे आहे हे पाहावे. आणि आपण परदेशात असताना घरातील वडीलधारी व मुले कोणाच्या भरवशावर होती, ती रक्कम कोणत्या खात्यात लिहिली आहे, तेही पाहावे.

या कसोटीची एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. काटा तपासल्यावरही वजन खरोखरच कमी भरते, अशी घरे आहेत. जेथे मारहाण आहे, व्यसन आहे, रोजचा अपमान आहे, शिकण्यावर किंवा माहेरच्या संबंधांवर बंदी आहे, पत्नीचे स्त्रीधन हिसकावून घेतले जाते, तेथे ‘तू मान सोड’ हा उपदेश करणे म्हणजे पीडितेलाच दोषी ठरविणे होय. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानले आहे. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाने त्याहून कमी मानू नये. अशा घरात प्रश्न कोण पुढे गेले याचा नसतो, सुरक्षिततेचा असतो, आणि तेथे वडीलधाऱ्यांच्या समजावणीपूर्वी समुपदेशक आणि कायदा यांची मदत घेण्यात कमीपणा नाही. तसेच काही दांपत्यांचे मार्ग सर्व प्रामाणिक प्रयत्नांनंतरही वेगळे होतात. तो निर्णयही शून्यावरच्या काट्याने घेतला तरच खरा ठरतो, कारण उणे दाखविणारा काटा माणूस नव्या घरातही बरोबर नेतो.

त्या घरात रात्री नऊ वाजता अजूनही ताट वाढले जाते. भाजीची वाटी ठेवली जाते. पत्नी आता समोर पाट घेऊन बसते आणि विचारते, ‘‘आज आवक किती होती?’’